८६५ रुपयांचे मटार

माझ्या एका तासाची किंमत ८६५ रुपये आहे, असं मला जवळजवळ दोन वर्षं वाटत होतं.

हा आकडा काढायला काही डोकं लागत नाही. माझा सीटीसी १८ लाख. वर्षाचे ५२ आठवडे, आठवड्याचे ४० तास, म्हणजे २०८० तास. भागाकार केला की ८६५. एका रविवारी दुपारी मी हा आकडा एका शीटच्या पहिल्या ओळीत टाकला आणि त्यानंतर आयुष्यातल्या बहुतेक कटकटींकडे या आकड्याच्या चष्म्यातून बघायला लागलो. इस्त्री? दहा रुपये नग, देऊन टाका. स्वयंपाक? मावशी लावा. दूध संपलं? ॲपवरून मागवा. जे काम ८६५ रुपये तासापेक्षा स्वस्तात दुसरं कुणी करेल, ते स्वतः करणं म्हणजे मूर्खपणा.

मग त्या हिवाळ्यात आई बार्शीहून पुण्याला आली. येताना मंडईतून दोन किलो मटार घेऊन आली आणि संध्याकाळी परात पुढ्यात ओढून म्हणाली, "बस रे जरा, सोलू दोघं मिळून."

मी म्हणालो, "आई, माझा एक तास ८६५ रुपयांचा आहे. सोललेले मटार मिळतात फ्रोजन. मागवतो."

ती काही बोलली नाही. एकटीच सोलत बसली. मी सोफ्यावर बसून फोन बघत होतो. कुणालाही ८६५ रुपये मिळाले नाहीत.

ते नंतर बरेच दिवस डोक्यात राहिलं. सुरुवातीला फक्त अपराधी वाटत होतं. पण मी पडलो इंजिनिअर, त्यामुळे अपराधी वाटण्यातून मी परत शीटकडेच गेलो. उत्तर इतकं विचित्र येत असेल, तर फॉर्म्युल्यात बग असणार.

पहिला बग: तो आकडाच माझा नव्हता

सीटीसी हा कंपनीचा माझ्यावरचा खर्च, माझी कमाई नव्हे. त्यातला काही भाग परफॉर्मन्सवर, काही ग्रॅच्युइटीत, काही टॅक्समध्ये जातो. पीएफ माझाच असतो, पण तो आज मावशींना देता येत नाही. माझ्या खात्यात महिन्याला येतात साधारण १,१३,०००. महिन्याचे २२ दिवस, रोज आठ तास, असे १७६ तास धरले तर झाले ६४२ रुपये.

पण आठच तास का धरायचे? जेवणाचा तास धरून माझा दिवस नऊ तासांचा असतो, म्हणजे १९८. आठवड्यातून तीन दिवस कर्वेनगरहून हिंजवडीला जावं लागतं, जाऊन-येऊन अडीच तास, म्हणजे महिन्याला सुमारे ३२. अमेरिकेतल्या टीमबरोबरचे रात्रीचे कॉल आणि ऑन-कॉलच्या आठवड्यातल्या उठबशा मिळून २०. एकूण अडीचशे तास. शिवाय पेट्रोल, ऑफिसातलं जेवण आणि चहा हे खर्च नोकरी नसती तर झालेच नसते. ते सहा हजार वजा केले. उरले १,०७,००० भागिले २५०.

४२८ रुपये. म्हणजे ८६५ च्या जवळजवळ अर्धे.

तुम्हीही हे एकदा करून बघा. नोकरीसाठी जाणारा प्रत्येक तास छेदात टाका आणि नोकरीमुळे होणारा प्रत्येक खर्च अंशातून काढा. आकडा बघून थोडं वाईट वाटेल, पण निदान तो तुमचा असेल.

दुसरा बग: माझा तास कुणी विकत घेत नाही

४२८ सुद्धा चुकीचाच होता, फक्त वेगळ्या कारणाने. मी पगारी माणूस. मी स्वयंपाकातून एक तास वाचवला आणि लॅपटॉप उघडून बसलो, तर कंपनी मला ४२८ रुपये जास्त देत नाही. माझा पुढचा तास, बाजारभावाने, शून्य रुपयांना जातो. फ्रीलान्सर असाल, ताशी बिल लावत असाल आणि दारात काम घेऊन लोक उभे असतील, तर हिशोब वेगळा. रिक्षावाल्याचा एक तास गेला तर खरंच पैसे जातात. माझे जात नाहीत.

मग माझ्या तासाची किंमत कशावरून ठरवायची? मी ठरवली मी आधीच घेतलेल्या निर्णयांवरून. बार्शीला जायला मी स्वारगेटला रिक्षाने जातो. बसला वीस रुपये लागतात आणि थांब्यावरच्या वाटेसकट ५० मिनिटं. रिक्षाला १४० रुपये आणि २५ मिनिटं. म्हणजे २५ मिनिटं वाचवायला मी १२० रुपये आनंदाने देतो. तासाला २८८. पण पुण्यात परत आल्यावर, रविवारी संध्याकाळी, घाई नसते तेव्हा मी बसनेच येतो. म्हणजे तेव्हा माझा तास २८८ चा नसतो. आणि गेल्या दिवाळीत हेडफोनवर दीडशे रुपये सूट मिळावी म्हणून मी दीड तास कुपनं शोधत होतो. त्या रात्री मी स्वतःला शंभर रुपये तासाने विकलं.

तीन प्रसंग, तीन किमती, माणूस एकच. तेव्हा लक्षात आलं की माझा एक असा भाव नाही, पट्टा आहे. साधारण दीडशे ते तीनशे. मंगळवारी सकाळी साडेआठला वरचं टोक, रविवारी दुपारी खालचं. यावरून मी स्वतःपुरता नियम केला. निव्वळ वाचलेला तास दीडशेच्या आत पडत असेल, तर काम द्यायचं. तीनशेच्या वर जात असेल, तर स्वतः करायचं. मधे असेल, तर ते काम मला किती नकोसं आहे यावर.

या नियमातला महत्त्वाचा शब्द 'निव्वळ' हा आहे. तिथेच बहुतेक हिशोब चुकतात.

मावशींचा हिशोब

माझ्याकडे पोळी-भाजीला मावशी येतात. एकदाचा स्वयंपाक, महिन्याला ३५०० रुपये, चार सुट्ट्या. मी आधी केलेला हिशोब असा होता: रोज मी तेवढाच स्वयंपाक करायचा तर सव्वा तास लागेल, २६ दिवसांचे साडेबत्तीस तास, म्हणजे तास पडला १०८ रुपयांना. स्वस्त!

पण हे खोटं होतं, कारण मावशी नसत्या तर मी रोज चार पोळ्या आणि एक भाजी करणारच नव्हतो. मला पोळ्या येत नाहीत. मावशी रजेवर असताना मी काय केलं ते आठवलं, तर उत्तर साधं होतं. निम्मे दिवस कुकरला खिचडी किंवा वरणभात, आणि निम्मे दिवस बाहेरून मागवणं. काम देण्याची तुलना आदर्श स्वतःशी करायची नसते. आपण खरोखर काय केलं असतं, त्याच्याशी करायची असते.

तर मांडू या. मावशी नसतील तर १२ दिवस मी शिजवीन, भांडी आवरण्यासकट रोज तास. १४ दिवस मागवीन, दरवेळी २२० रुपये, एकूण ३०८०. मावशी असतील तर पगार ३५००, आणि त्या चौदा दिवसांचा किराणा-भाजी साधारण ७००, एकूण ४२००. फरक ११२० रुपये. त्या बदल्यात वाचले बारा तास. पण त्यातून तीन तास वजा करा. भाजी आणून ठेवणं, "दादा, आज येत नाही" असा फोन आल्यावरची धावपळ, त्या येतात म्हणून सातला उठून दार उघडणं. उरले नऊ. ११२० भागिले नऊ, तास पडला १२४ रुपयांना.

उत्तर जवळपास तेच आलं, पण कारण वेगळं निघालं. मावशी मला वेळ कमी आणि बाहेरच्या जेवणातून सुटका जास्त विकत होत्या. हे कळल्यावर मी एक बदल केला. जास्तीच्या दोन पोळ्या करायला सांगितल्या आणि रात्रीचं मागवणंही कमी झालं. जुन्या हिशोबातून हे कधीच सुचलं नसतं.

याच्या उलट बाजूचं उदाहरण म्हणजे आयटीआर. एका वर्षी मी एकांना हजार रुपये देऊन रिटर्न भरून घेतलं. फॉर्म १६ शोधला मी, बँकेच्या व्याजाचे आकडे काढले मी, पोर्टलवरच्या वार्षिक माहितीपत्रकाशी ते जुळवले मी, शेवटी ओटीपीही मीच सांगितला. पगार आणि बँकेचं व्याज एवढंच उत्पन्न असेल, तर फॉर्ममध्ये बरंचसं आधीच भरलेलं असतं. त्यांनी वाचवली माझी फार तर अर्धा तास. म्हणजे दोन हजार रुपये तास! ज्या कामाचं ओझं करण्यात नसून जमवाजमव करण्यात आणि समजावून सांगण्यात असतं, ते काम देऊन टाकता येत नाही. फक्त त्याचं शेवटचं बटण देता येतं. (शेअर विकले असतील, घरभाडं येत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे तुम्ही वेळ नाही, ज्ञान विकत घेता.)

आणि इस्त्री. दहा कपडे, शंभर रुपये, माझा एक तास. पट्ट्याच्या आत, द्यायला हरकत नाही. पण इस्त्री करताना मी मॅच ऐकत असतो. हात अडकलेले आणि डोकं मोकळं, असा तो तास. तो वाचवून मी काय करणार, तर बसून मॅच ऐकणार. शेवटी तिसराच मार्ग निघाला. ऑफिसात कुणाचंही लक्ष नसतं, म्हणून मी टी-शर्टांना इस्त्री करणंच बंद केलं. शीटमध्ये 'करायचं' आणि 'द्यायचं' असे दोनच कॉलम होते. 'सोडून द्यायचं' हा सगळ्यात स्वस्त कॉलम मी टाकलाच नव्हता.

मग ते तास गेले कुठे?

तीन महिन्यांनी मी बेरीज केली. मावशी, केर-फरशी आणि घरपोच किराणा मिळून महिन्याला साधारण वीस तास मी विकत घेत होतो. मग फोनमधला स्क्रीन टाइम उघडला. आधी रोजची सरासरी ४ तास १० मिनिटं होती. आता ४ तास ५० मिनिटं. रोज चाळीस मिनिटं, महिन्याला बरोबर वीस तास.

मावशींना पैसे मी दिले आणि माल रील्सनी उचलला.

याचं एक कारण आळस, हे खरंच. पण दुसरं कारण तासांच्या आकारात आहे. दूध आणायची दहा मिनिटं, केर काढायची पंधरा, असे वाचलेले तुकडे दिवसभर विखुरलेले असतात. दहा मिनिटांत पोहायला जाता येत नाही, पुस्तकात शिरता येत नाही. दहा मिनिटांत फक्त फोन मावतो. सहा वेळा वाचलेली दहा मिनिटं म्हणजे एक तास नव्हे.

म्हणून मी घरपोच किराणा बंद केला आणि आठवड्यातून एकदा, शनिवारी सकाळी, चालत जाऊन सगळं आणायला लागलो. तेवढंच चालणंही होतं. मावशी आणि केर-फरशी ठेवली, पण मंगळवार-गुरुवारची संध्याकाळी सात ते आठ ही वेळ पोहण्यासाठी आधीच बांधून टाकली. आता नवं काम द्यायच्या आधी मी स्वतःला विचारतो की वाचलेला तास कुठल्या वारी, किती वाजता मिळणार आणि त्यात काय होणार. उत्तर नसेल तर पैसे देत नाही.

त्यांचा तास

एका सकाळी मावशी उशिरा आल्या. मी काही बोललो नाही, पण घड्याळाकडे बघितलं असणार. पोळ्या लाटता लाटता त्या म्हणाल्या, "दादा, तुमच्याकडे पाऊण तास लागतो. पण त्या कोपऱ्यावरच्या सोसायटीतनं इथवर चालत यायचं, गेटवर वही भरायची, लिफ्टची वाट बघायची, त्याचं कोण देतं?"

हा माझाच पहिला बग होता. हिंजवडीची ये-जा मी माझ्या छेदात टाकली होती, त्यांची टाकली नव्हती. माझ्या घरातले २६ दिवसांचे पाऊण-पाऊण तास म्हणजे साडेएकोणीस तास. साडेतीन हजारांना तो तास १७९ रुपये दिसतो. पण प्रत्येक घरामागे येण्याजाण्याची आणि ताटकळण्याची २५ मिनिटं धरली, तर तास होतात तीस आणि भाव येतो ११५.

माझ्या हिशोबातला बराचसा फायदा माझ्या हुशारीतून येत नव्हता. त्यांचा तास स्वस्त होता, त्यातून येत होता. हे मी सोडवलेलं नाही. पगार चार हजार केला आणि ठरलेल्या सुट्ट्यांखेरीज आजारपणाच्या खाड्याचे पैसे कापणं बंद केलं. नव्या पगाराने माझा निव्वळ तास १८० ला पडतो. पट्ट्यात बसतो. नसता बसला तर मी काय केलं असतं, याचं उत्तर मला ठाऊक आहे आणि ते फार चांगलं नाही.

आईची ओळ

शेवटचा बग बार्शीत सापडला. आईचे गुडघे दुखतात, म्हणून तिथेही कुणीतरी लावू, असं मी ठरवलं आणि शीटमध्ये तिची ओळ टाकली. पगार: ०. कामाचे तास: रोज सात, महिन्याला २१०. फॉर्म्युला खाली ओढला.

```
=B7/C7
0
```

माझ्या शीटप्रमाणे आईचा तास शून्य रुपयांचा होता. म्हणजे जगातलं कुठलंही काम तिच्यासाठी पैसे देऊन करून घेण्याच्या लायकीचं नव्हतं.

वेळेच्या किमतीवर अर्थशास्त्रात बरंच लिहिलं गेलंय. गॅरी बेकर यांनी १९६५ मध्ये घराला एक छोटा कारखाना मानलं, जिथे सामान आणि वेळ मिसळून जेवण तयार होतं. वेळेचा भाव मात्र त्यांनी मुख्यतः बुडालेल्या कमाईवरून धरला, म्हणजे माझ्याच शीटसारखा. त्याच्या तीस वर्षं आधी, १९३४ मध्ये, मार्गारेट रीड यांनी याहून उपयोगी कसोटी सांगून ठेवली होती. जे काम पैसे देऊन तिसऱ्या माणसाकडून करून घेता येतं ते उत्पादक काम, मग ते घरात फुकट का होत असेना. या कसोटीने आईचे जवळजवळ सगळे सात तास काम ठरतात. आणि ती एकटी नाही. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या. जे पुरुष ते करत होते, ते ९७ मिनिटं.

मी आईला फोन लावला आणि भाव विचारणं सोडून दुसरा प्रश्न विचारला. "कुठलं काम गेलं तर तुला बरं वाटेल?"

तिने विचारही केला नाही. "फरशी. वाकून पुसली की रात्री गुडघा बोलतो. आणि चारच्या आधी सगळं आवरलं, तर भगवंताच्या देवळात भजनाला जाता येईल."

तिला माझ्या तीन महिन्यांच्या चुकांमधून जावंच लागलं नाही. काम कुठलं, तास कधीचा आणि त्यात काय करायचं, सगळं तयार होतं. "भांडी पण देऊ या," मी म्हणालो. ती म्हणाली, "भांडी नको. ती बाई येणार अकराला, तोवर खरकटं काय ओट्यावर वाळवायचं? तिची वाट बघण्यापेक्षा मी घासून मोकळी." निव्वळ तासाचा हिशोब याहून चांगला मला मांडता आला नसता.

केर-फरशीला बाई लागली, महिन्याला सातशे रुपये. रोजची चाळीस मिनिटं धरली तर तासाला ३५. मावशींचा प्रश्न इथे आणखी बोचतो. मी आईला म्हटलं, हजार दे. तिने नऊशे केले, "गल्लीतल्या बाकीच्या बायका भांडतील माझ्याशी" असं म्हणत.

आणि भांड्यांचं? शीटमध्ये मी 'आई' आणि 'बाई' असे दोनच पर्याय टाकले होते. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेत, दुपारी पेपर तिसऱ्यांदा वाचतात. त्यांची ओळ टाकायचं मला सुचलंच नव्हतं. फोनवर मी ते भीतभीत सुचवलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग आई हसू दाबत म्हणाली, "चहाची भांडी घासतात आता. कपांचे कान सोडून."

मागच्या महिन्यात मी बार्शीला गेलो होतो. मटारचे दिवस होते. तीन किलो, परात, मी, आई आणि कोपऱ्यात बाबा. सव्वा तास लागला. आईने देवळातल्या भजनाच्या दोन गटांमधल्या भांडणाची अख्खी गोष्ट सांगितली, जी फोनवर तिने कधीच सांगितली नसती. त्या सव्वा तासाची ओळ शीटमध्ये टाकायला गेलो, तर काम, खर्च की फुरसत, कुठल्या कॉलममध्ये टाकायची ते कळेना. मग ती तशीच सोडून दिली.

मटारचा एक डबा मी पुण्याला घेऊन आलो. फ्रीझरमध्ये आहे अजून.